एक चित्र, एक दावा : प्लास्टिक कचऱ्यावरील भित्तिपत्रकाच्या सूचनालेखाचा इतिहास

सारांश

जनजागृतीचे भित्तिपत्रक चित्रकाराच्या कुंचल्यापासून सुरू होत नाही. त्याआधी कोणीतरी शब्दांत एक सूचना लिहिते. जाहिरात व्यवसायात तिला ‘ब्रीफ’ म्हणत आले आहेत. संगणकाकडून चित्र करवून घेण्याच्या आजच्या काळात ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द रूढ झाला आहे. प्रस्तुत निबंधात तिला ‘सूचनालेख’ असे म्हटले आहे. एकाच ठसठशीत दृश्यकल्पनेवर उभे असलेले भित्तिपत्रक पाहणाऱ्याला जिंकते ते त्यातील कार्यकारणभावाच्या दाव्यामुळे. हा दावा उघडपणे मांडलेला नसल्याने तो तपासलाही जात नाही. १९७१ ची अमेरिकेतील जाहिरात आणि २०१८ चे ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे मुखपृष्ठ या दोन उदाहरणांतून हा प्रश्न येथे तपासला आहे. त्यानंतर मुंबईच्या २००५ च्या महापुराचा आधार घेऊन एका सूचनालेखाची घडण टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

बीजशब्द : भित्तिपत्रक, सूचनालेख, दृश्यकल्पना, प्लास्टिक कचरा, मुंबईचा महापूर

१. प्रस्तावना

दृश्य माध्यमांच्या इतिहासात तयार चित्रांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्या चित्रांआधी लिहिल्या गेलेल्या सूचनांकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. याचे एक कारण उघड आहे. चित्र भिंतीवर लागते, छापले जाते, संग्रहालयात जाते. सूचनेचा कागद काम संपताच टाकून दिला जातो. असे असले तरी भित्तिपत्रकात काय दिसेल, काय दिसणार नाही आणि दोष कोणाच्या माथी जाईल, हे बहुतेक वेळा त्या कागदावरच ठरलेले असते.

प्लास्टिक कचऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर होतो. हा कचरा कारखाना, दुकान, घर, रस्ता, गटार, नदी आणि समुद्र अशा लांब साखळीतून जातो. एकच दृश्य दाखवायचे ठरवले की या साखळीतील एकच कडी उजेडात येते आणि बाकीच्या अंधारात राहतात. कोणती कडी निवडावी, हा प्रश्न वरवर कलेचा वाटतो. वस्तुतः तो सत्याचा आणि न्यायाचा आहे.

२. वगळण्याची कला : बर्लिन

एका कल्पनेच्या भित्तिपत्रकाची परंपरा सांगताना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बर्लिनपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. १९०६ च्या सुमारास ल्युसियन बर्नहार्ड या तरुणाने ‘प्रीस्टर’ नावाच्या आगपेट्यांसाठी एक भित्तिपत्रक केले. त्याच्या पहिल्या आराखड्यात टेबल होते, रक्षापात्र होते, सिगार होता आणि सिगारच्या धुरातून उमटणाऱ्या नर्तकीही होत्या, अशी हकिकत सांगितली जाते. त्याने एकेक वस्तू काढून टाकली. शेवटी गडद पार्श्वभूमीवर दोन काड्या आणि वर उत्पादनाचे नाव एवढेच उरले. या चित्राने जर्मनीत ‘वस्तु-भित्तिपत्रक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीला वळण दिले.

बर्नहार्डपुढचे काम तुलनेने सोपे होते, हे येथे नोंदवले पाहिजे. ‘ही काडी घ्या’ या सांगण्यात कोणताही कार्यकारणभाव नाही. काडी दाखवली आणि नाव लिहिले की आशय पूर्ण होतो. जनजागृतीच्या भित्तिपत्रकाला मात्र ‘यामुळे ते घडते’ असे सांगायचे असते. तेथे वस्तू वगळताना कारणेही वगळली जातात. बर्नहार्डची रीत विक्रीकडून प्रबोधनाकडे आली तेव्हा ही अडचण तिच्यासोबतच आली, आणि तिचे स्वरूप कळायला काही दशके जावी लागली.

३. एक अश्रू आणि त्यामागील अनुपस्थिती : १९७१

२२ एप्रिल १९७१ रोजी, वसुंधरा दिनी, अमेरिकेत ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ या संस्थेची एक दूरचित्रवाणी जाहिरात प्रथम दाखवली गेली. मूळ अमेरिकी वेशातील एक पुरुष होडी वल्हवत कारखान्यांच्या धुराजवळून किनाऱ्याला येतो. महामार्गाच्या कडेला तो उभा असताना धावत्या मोटारीतून कचऱ्याची पुडी त्याच्या पायाशी भिरकावली जाते. तो कॅमेऱ्याकडे वळतो आणि त्याच्या गालावरून अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसे सुरू करतात आणि माणसेच ते थांबवू शकतात, असा तिचा संदेश होता. हाच चेहरा पुढे भित्तिपत्रकांवर आणि फलकांवरही आला.

कल्पना म्हणून ही जाहिरात निर्दोष म्हणावी लागेल. एक चेहरा, एक अश्रू, एक पुडी. पाहणाऱ्याला काहीही समजावून सांगावे लागत नाही. परंतु तिच्यात कोण दिसत नाही, हे पाहिले की चित्र बदलते. ही संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली ती पेये आणि आवेष्टने तयार करणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने. परत घेतल्या जाणाऱ्या काचेच्या बाटलीची जागा एकदाच वापरून फेकायच्या डब्याने आणि बाटलीने घ्यावी, यात या उद्योगांचे हित होते. ज्या वर्षी अश्रू ओघळला त्याच वर्षी, १९७१ मध्ये, ऑरेगॉन राज्याने बाटलीवर अनामत रक्कम घेऊन ती परत स्वीकारण्यास भाग पाडणारा कायदा केला. अशा कायद्यांना पेय आणि आवेष्टन उद्योगातून पुढील काळात कडवा विरोध होत राहिला.

जाहिरातीत पुडी फेकणारा हात आहे. ती पुडी तयार करणारा हात नाही. प्रदूषण ‘माणसे’ सुरू करतात असे म्हटले की त्या शब्दात ग्राहक, कारखानदार आणि शासन सारेच सामावतात, पण डोळ्यांना दिसतो तो केवळ मोटारीतला प्रवासी. शब्द व्यापक आणि चित्र संकुचित असेल तर लक्षात राहते ते चित्र. अमेरिकेतील पर्यावरणविषयक प्रतिमांचे अभ्यासक फिनिस डनवे यांनी या जाहिरातीची चिकित्सा याच दिशेने केली आहे.

तिच्यात आणखी एक विसंगती होती. अश्रू ढाळणारा अभिनेता आयर्न आइज कोडी हा मूळ अमेरिकी वंशाचा नसून इटालियन स्थलांतरितांचा मुलगा असल्याचे १९९६ मध्ये एका वृत्तपत्राने उघड केले. २०२३ मध्ये संस्थेने या जाहिरातीचे हक्क मूळ अमेरिकी समाजाच्या राष्ट्रीय संघटनेच्या निधीकडे सोपवले, ते तिचा वापर थांबावा या हेतूने. म्हणजे प्रतिमा परत घ्यायला ५० हून अधिक वर्षे लागली. एवढ्या अवधीत तिने जे पटवायचे ते पटवून झाले होते.

४. हिमनगाची पिशवी : २०१८

‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या जून २०१८ च्या अंकाचे मुखपृष्ठ हे आपल्या विषयातील अलीकडचे सर्वांत परिचित उदाहरण होय. पाण्याची एक रेषा आहे. रेषेवर हिमनगाचे पांढरे टोक दिसते. नजर पाण्याखाली उतरली की कळते, हा हिमनग नव्हे. ही उलटी तरंगणारी प्लास्टिकची पिशवी आहे. हे चित्र मेक्सिकोचे कलावंत होर्हे गाम्बोआ यांचे. मासिकात येण्यापूर्वीच बोलिव्हियातील भित्तिपत्रकांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले होते.

या चित्राचे यश कशात आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ‘हिमनगाचे टोक’ हा वाक्प्रचार जगभरच्या वाचकाला ठाऊक आहे, त्यामुळे अर्धे काम चित्र सुरू होण्याआधीच झालेले असते. दुसरे म्हणजे पिशवीच्या चुण्या आणि बर्फाचे कंगोरे यांत खरोखर साम्य आहे. दोन वस्तू बळेच चिकटवलेल्या नाहीत. एकच आकार दोन नावांनी वाचता येतो. तिसरे म्हणजे वाचनाला क्रम आहे. पाहणारा आधी फसतो, मग सावरतो, आणि सावरताना मिळालेला अर्थ त्याला स्वतःचा शोध वाटतो.

आता या चित्रातील दावा शब्दांत उतरवू. तो असा : ‘समुद्रातील प्लास्टिकचा दिसणारा भाग थोडा आहे, न दिसणारा कितीतरी मोठा आहे.’ बर्फाची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडीच कमी असल्याने हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो. चित्राने नकळत एक प्रमाणच सांगितले आहे. मुखपृष्ठावरील मजकुरात दरवर्षी १८ अब्ज पौंड, म्हणजे सुमारे ८० लाख टन प्लास्टिक समुद्रात जाते असा आकडा होता. हा आकडा २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जेना जॅम्बेक व सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आलेला आहे. मूळ अभ्यासातील अंदाज २०१० या वर्षासाठी ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा विस्तृत होता. २०१४ च्या एका अंदाजानुसार पृष्ठभागावर तरंगणारे प्लास्टिक जेमतेम २ लाख ६९ हजार टन होते. एका वर्षात येणारे ८० लाख आणि तरंगताना सापडणारे पावणेतीन लाखांच्याही आत, तर उरलेले गेले कोठे? २०१८ मध्ये उपलब्ध असलेल्या माहितीच्या उजेडात हिमनगाची उपमा अचूकच होती, किंबहुना ती सौम्य होती.

यानंतर संशोधन पुढे गेले. २०२३ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या कान्डॉर्प व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दरवर्षी समुद्रात येणाऱ्या प्लास्टिकचा अंदाज सुमारे ५ लाख टनांपर्यंत खाली आणला. त्याच वेळी समुद्रातील तरंगू शकणाऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचा एकूण अंदाज ३० लाख टनांच्या वर नेला, आणि त्यातील वजनाने बहुतांश वाटा मोठ्या वस्तूंचा असल्याचे दाखवले. हा निष्कर्ष अंतिम आहे असे नाही. निरनिराळ्या पद्धतींनी केलेल्या अंदाजांत आजही मोठी तफावत आहे. परंतु तो बरोबर निघाला तर दिसणारा भाग आपण समजत होतो तेवढा नगण्य नाही, असे ठरेल.

येथे चित्राची एक मर्यादा उघडी पडते. लेखातील आकडा पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतो. चित्राला शुद्धिपत्र जोडता येत नाही. हिमनगाची पिशवी लक्षावधी लोकांच्या स्मरणात त्याच प्रमाणात तरंगत राहील. म्हणून सूचनालेख लिहिणाऱ्याने असा दावा निवडावा की ज्याचा आधार मोजमापाच्या चढउतारावर अवलंबून नाही. प्रमाणाचा दावा लवकर शिळा होतो. एखादी गोष्ट कशी घडते, या यंत्रणेचा दावा अधिक काळ टिकतो.

५. मुंबई : एका सूचनालेखाची घडण

हिमनगाचे मुखपृष्ठ आले त्याच महिन्यात महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. राज्य शासनाची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून दंड आकारणी सुरू झाली. परंतु महाराष्ट्रातील पिशवीविरोधाचे मूळ हिमनगात किंवा समुद्रातील कासवात नाही. ते २६ जुलै २००५ च्या पाण्यात आहे. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुरानंतर तुंबलेल्या गटारांतील पिशव्यांची चर्चा सर्वत्र झाली आणि २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम केले. बांगलादेशानेही २००२ मध्ये पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी आणली, तिच्यामागे १९८८ आणि १९९८ च्या पुरांत ढाक्याची गटारे तुंबल्याचा अनुभव होता. मुंबईच्या वाचकासाठी भित्तिपत्रक करायचे तर कल्पना या अनुभवातून यावी, हे स्वाभाविक आहे.

पहिला मसुदा. या अनुभवावरून सुचणारी पहिली कल्पना अशी असू शकते. रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात पाणी भरून गाठ मारलेली पारदर्शक पिशवी मिळते. तशी एक पिशवी खिळ्याला टांगलेली आहे. आतले पाणी गढूळ आहे आणि त्यात मासा नसून शहराची लाल बस बुडालेली आहे. कल्पना आकर्षक आहे; दोन वाचनांचा क्रमही तिच्यात आहे. परंतु तिचा दावा शब्दांत मांडला की दोष दिसतो : ‘शहराचा पूर पिशवीत मावतो’, म्हणजेच पिशवीने पूर आणला.

इतिहास या दाव्याला साथ देत नाही. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरच पाऊस पडला. उपनगरांवर कोसळलेला पाऊस अपवादात्मक होता. त्यात दुपारची भरती होती. शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ओहोटी गृहीत धरून बांधलेल्या होत्या. मिठी नदीचे पात्र भराव आणि अतिक्रमणांनी आवळले गेले होते. पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नदी, वाहिन्या आणि नियोजन या साऱ्यांचा विचार केला तो यामुळेच. या कारणांच्या रांगेत पिशवी आहे, पण ती एकटी नाही. पहिल्या मसुद्यातील भित्तिपत्रकाने १९७१ च्या अश्रूचीच पुनरावृत्ती केली असती. नदीत भराव टाकणारे आणि वाहिन्यांचे काम रखडवणारे नजरेआड झाले असते, आणि भाजी घेऊन घरी जाणारी व्यक्ती तेवढी पुराची धनी ठरली असती.

दुसरा मसुदा. मग पिशवीविषयी निश्चितपणे काय म्हणता येते? एवढेच, की ती पाण्याची वाट अडवते. यामागची क्रिया साधी आहे. पातळ पिशवी वाहत येऊन गटाराच्या जाळीला चिकटते. ती सपाट आणि लवचिक असल्याने गजांवर चपखल बसते. मागून येणारे पाणी तिला दूर लोटत नाही, उलट आणखी घट्ट दाबते. तिच्यावर पाने, गाळ, कागद साचतात आणि थोड्या वेळात जाळीचे झाकण होते. जाड बाटली कचरावेचक उचलतात, कारण तिला भाव मिळतो. पातळ पिशवी उचलली जात नाही, कारण एक किलो वजन भरायला अशा शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात आणि त्या मळलेल्या असतात. म्हणून रस्त्यावर उरते ती नेमकी पातळ पिशवी. हा यंत्रणेचा दावा आहे. पाऊस किती पडला यावर त्याचे सत्य अवलंबून नाही.

या दाव्यासाठी प्रतिमा मराठी घरातच सापडते. जुन्या घरातील मोरी म्हणजे कोपऱ्यातील बुटक्या कठड्याची चौकोनी जागा, एका बाजूला उतार, आणि भिंतीच्या तळाशी पाणी जायचे भोक. त्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला की मोरी तुंबते, हे ती वापरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हणही सर्वांच्या कानावरची. पिशवी म्हणजे शहराच्या मोरीतला बोळा, ही कल्पना समजावून द्यावी लागत नाही. या पायावर लिहिलेला सूचनालेख पुढीलप्रमाणे होईल.

> उभे भित्तिपत्रक, रुंदी-उंचीचे प्रमाण २ : ३. जुन्या घरातील मोरीचा कोपरा, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून खाली पाहिलेला. मोरीच्या बुटक्या कठड्यावर पदपथाच्या कडेला असतात तसे काळे-पिवळे पट्टे. मोरीच्या तळाला फरशी नाही, डांबर आहे. भिंतीच्या तळाशी पाणी जायचे एकच गोल भोक. त्यात दुधी रंगाची पातळ पिशवी बोळ्यासारखी कोंबलेली, तिचे दोन कान बाहेर. गढूळ पाणी त्या भोकाच्या निम्म्यापर्यंत चढलेले आणि स्थिर. बोळ्याचा वरचा भाग कोरडा. प्रकाश पावसाळी दुपारचा, एकसारखा. चित्रात सर्वांत उजळ वस्तू पिशवी. तिच्यावर कोणतेही नाव किंवा चिन्ह नाही. वरची एक तृतीयांश भिंत मोकळी, अक्षरे नंतर स्वतंत्रपणे बसवण्यासाठी. माणूस, हात, चेहरा, प्राणी, पृथ्वीचा गोल, कचऱ्याचा ढीग यांपैकी काहीही नको.
>
> मोठी ओळ : हा बोळा काढायला हवा.
> लहान ओळ : पावसाळ्याआधी तुमच्या गल्लीतील गटाराची जाळी साफ झाली का? विभाग कार्यालयात विचारा.

यातील काही निवडींची कारणे सांगितली पाहिजेत. काळे-पिवळे पट्टे आणि डांबर या दोनच खुणा घराच्या मोरीला रस्ता बनवतात. पहिल्या मसुद्यातील लाल बस येथेही खेळण्याएवढी करून ठेवता आली असती, पण पट्ट्यांनी काम होत असताना ती केवळ शोभा ठरली असती. शिवाय बसच्या तुलनेत पिशवी अवाढव्य दिसून दावा पुन्हा फुगला असता. पाणी स्थिर आणि भोकाच्या निम्म्यापर्यंतच ठेवले आहे, त्याचे कारणही तेच : हे महापुराचे चित्र नाही, तुंबण्याचे आहे. पिशवीवर नाव नाही, कारण नाव आले की चित्र एका दुकानाविरुद्धची तक्रार होते.

अक्षरांसाठी जागा मोकळी ठेवण्याची सूचना व्यवहारातून आलेली आहे. सूचनालेख चित्रकाराला दिला असेल तर अक्षरयोजना तो स्वतः करील. तो चित्रनिर्मितीच्या संगणक प्रणालीला दिला असेल तर देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा अनेकदा मोडक्या उमटतात, म्हणून मजकूर वेगळा बसवणे श्रेयस्कर. वगळायच्या वस्तूंची यादीही याच अनुभवातून आली आहे. ‘प्लास्टिक कचऱ्यावर प्रभावी भित्तिपत्रक’ एवढेच सांगितले तर कासव, पृथ्वीचा गोल आणि जोडलेले हात हेच परतून येतात. कारण आजवरच्या चित्रांत तेच सर्वाधिक आहेत. ज्याची कल्पना सूचनेत नाही ती चित्रात आपोआप येत नाही.

दुसऱ्या ओळीविषयी स्वतंत्रपणे बोलावे लागेल. म्हणीचा उत्तरार्ध येथे इशारा देतो. नागरिकाच्या हातातील पिशवी हा मोरीचा बोळा. पातळ पिशव्यांचे उत्पादन, वाहिन्यांची क्षमता आणि नदीचे पात्र हा सताड उघडा दरवाजा. म्हणीत बोळा घालणे ही किरकोळ काटकसर आहे आणि चित्रात तीच अडचण झाली आहे, हा फरक खरा. परंतु लहान गोष्टीवर लक्ष आणि मोठीकडे दुर्लक्ष, हा म्हणीचा टोला भित्तिपत्रकालाच लागू होतो. एका चित्रात दोन्ही मावत नाहीत, म्हणून दुसरी जबाबदारी ओळीकडे दिली आहे. ‘पिशवी वापरू नका’ असे न म्हणता ती ओळ नागरिकाला प्रश्न विचारायला पाठवते आणि उत्तर देण्याची बाजू पालिकेकडे राहते. १९७१ च्या जाहिरातीत नेमकी हीच बाजू रिकामी होती.

६. पारख आणि मर्यादा

असा सूचनालेख जमला की नाही, हे चित्र छापण्याआधीच काही अंशी कळू शकते. अक्षरे झाकून चित्र एखाद्या अनोळखी व्यक्तीला दहा पावलांवरून दाखवावे आणि काय समजले ते विचारावे. ‘स्वच्छता राखा’ असे उत्तर आले तर कल्पना फसली. कारण ते उत्तर कोणत्याही चित्राला लागू पडते. ‘पिशवीने पाणी अडले’ असे आले तर ती जमली. ‘पिशवीने पूर आला’ असे उत्तर आले तर चित्र जमले, पण दावा फसला. तेव्हा पाण्याची पातळी आणखी खाली आणणे हा पहिला उपाय. तिन्ही उत्तरांपैकी शेवटचे सर्वांत धोक्याचे, कारण त्यात चित्र यशस्वी झाल्यासारखे वाटते.

या कल्पनेची मर्यादा तिच्या प्रतिमेतच आहे. मोरी आता अनेक घरांतून गेली आहे. सदनिकेत वाढलेल्या पिढीला बोळा या शब्दामागचा ओला स्पर्श आठवणार नाही. हिमनगाने अनेक देशांच्या सीमा ओलांडल्या. मोरी महाराष्ट्राबाहेर फार दूर जाणार नाही. परंतु जगभर चालणारी प्रतिमा दूरच्या समुद्राविषयी बोलते आणि गल्लीतील जाळीविषयी गप्प राहते. पोहोच आणि नेमकेपणा यांत येथे निवड करावी लागते. पावसाळ्यापूर्वी एका विभागात लावायच्या भित्तिपत्रकाने नेमकेपणा निवडावा, हे अधिक सयुक्तिक वाटते.

७. निष्कर्ष

बर्नहार्डने वगळायला शिकवले. १९७१ च्या अश्रूने दाखवले की वगळलेल्या गोष्टींत जबाबदार माणसेही असू शकतात. २०१८ च्या हिमनगाने दाखवले की प्रामाणिक आणि सुंदर प्रतिमाही ज्ञान पुढे सरकल्यावर मागे राहते. या तिन्हींवरून सूचनालेखाची एक शिस्त हाती येते. दृश्यकल्पना सुचताच तिचा दावा एका साध्या वाक्यात लिहावा. ते वाक्य ज्ञात इतिहासावर घासून पाहावे. टिकले नाही तर कल्पना कितीही मोहक असली तरी सोडावी. मासे ठेवायच्या पिशवीत बुडालेली लाल बस ही मोरीतल्या बोळ्यापेक्षा अधिक देखणी कल्पना आहे, हे मान्य करूनच ती बाजूला ठेवावी लागते. भित्तिपत्रक लावल्यावर तिच्यावर उलटतपासणी करायला कोणी येत नाही. ती करण्याची जागा सूचनालेखाचा कागद हीच आहे.